पोटशब्दशोधक गुरुजी

एखाद्या शब्दाच्या आत, त्याच्या अर्थाशी काहीही नाते नसताना, निराळ्या अर्थाचा लहान शब्द अखंड बसलेला असेल तर त्याला येथे सोयीसाठी 'पोटशब्द' म्हटले आहे. आणि असे पोटशब्द, तेही ठरवून घेतलेल्या एकाच वर्गातले, म्हणजे केवळ प्राणी किंवा केवळ शरीराचे अवयव, हुडकण्यात निवृत्तीनंतरचा काळ घालवणारा गृहस्थ म्हणजे पोटशब्दशोधक होय. बीड जिल्ह्यात हा गृहस्थ बहुधा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला असतो, सारे गाव त्याला गुरुजी म्हणते, आणि त्याच्या सदऱ्याच्या खिशातल्या वहीत वीजबिलाची तारीख सोडून बाकी सर्व काही लिहिलेले असते. कंडक्टरने गर्दीला 'समोर सरका' असे दरडावले की इतर प्रवासी कुरकुरतात, तर गुरुजींचा चेहरा उजळतो, कारण 'समोर'मध्ये मोर आहे. पाटोदा तालुक्यातल्या नायगावच्या मयूर अभयारण्याविषयी मात्र त्यांना फारसे कुतूहल नसते. तिथले मोर उघड्यावर फिरतात, आणि जे उघड्यावर आहे ते शोधायचे काय, असा त्यांचा रास्त सवाल असतो.

हा छंद वाटतो तितका मोकाट नाही. त्याचा पहिला नियम अक्षराविषयी आहे. देवनागरीत व्यंजन आणि त्यावरची मात्रा मिळून एक अक्षर होते आणि ते फोडता येत नाही. म्हणून पोटशब्दाची अक्षरे सलग, त्याच क्रमाने आणि त्याच मात्रांसह मिळाली पाहिजेत. 'गायब'मध्ये गाय मिळते, 'सापडणे'मध्ये साप सापडतो, 'बगळा' या पक्ष्यात गळा निघतो, आणि 'उपाय' व 'अपाय' हे परस्परविरोधी शब्द एकाच पायावर उभे असल्याचे दिसते. पण पाटोदा तालुक्यात उगम पावणाऱ्या 'मांजरा' नदीत मांजर आहे असे म्हटले की कडवे शोधक हात वर करतात, कारण तिथे शेवटचे अक्षर 'रा' आहे, 'र' नव्हे, आणि एका कान्यासाठी सबंध मांजर सोडून देण्याची त्यांची तयारी असते.

दुसरा नियम योगायोगाचा आहे आणि नवखे शोधक नेमके इथेच फसतात. 'माकडहाड' या शब्दात माकड आहे हे खरे, परंतु ते तिथे बोलावून बसवलेले आहे, लपलेले नाही. सामासिक शब्दाचा घटक वेगळा काढून दाखवणे याला शोध म्हणत नाहीत. 'अजगर' हे याहून अवघड प्रकरण आहे. संस्कृतात 'अज' म्हणजे बोकड, तेव्हा अजगराच्या पोटात बोकड सापडला म्हणून नवखा शोधक हर्षभरित होतो. परंतु बोकड गिळणारा तो अजगर, अशीच या शब्दाची व्युत्पत्ती असल्यामुळे तो बोकड तिथे रीतसर गिळला गेलेला आहे आणि शोधकाच्या हाती काही लागत नाही. 'ससाणा' या शिकारी पक्ष्यात जो ससा दिसतो त्याचीही तीच गत आहे: हे नाव संस्कृत 'शशादन', म्हणजे ससा खाणारा, यावरून आल्याचे मानले जाते, म्हणून तोही वहीत चढत नाही.

खऱ्या जाणकाराची परीक्षा मात्र विभक्तीपाशी होते. 'जमीन' या शब्दात मीन, म्हणजे मासा, आहे. वरचेवर दुष्काळ सोसणाऱ्या जिल्ह्यात जमिनीखाली पाणी नसताना नावात मासा टिकून राहावा याचे गुरुजींना विशेष अप्रूप. पण मराठीत प्रत्यय लागण्यापूर्वी नामाचे जे रूप बदलते, त्या सामान्यरूपात हा मासा मरतो: 'जमीन'चे 'जमिनीत' होताना दीर्घ 'मी' ऱ्हस्व होतो, पुढचा 'न' ईकारान्त होतो, आणि मीन नाहीसा होतो. 'दुकान'मधला कानही 'दुकानात' शिरताच लिपीपुरता तुटतो. म्हणून जाणते शोधक मूळ रूपच धरतात, आणि त्यातही पोटशब्दाच्या दोन्ही बाजूंना अक्षरे असतील तर त्याला पहिल्या प्रतीचा मानतात. या कसोटीवर 'जमीनदार' आणि 'दुकानदार' हे दोन शब्द निर्दोष उतरतात. दुकानदाराला ही माहिती उधारीच्या यादीवरून नजर हलवण्याइतकी महत्त्वाची वाटत नाही, हा भाग वेगळा.

या सर्व नियमांची एकत्रित तपासणी पाहायची असेल तर बीडहून अंबाजोगाईला जाणाऱ्या एसटीच्या मार्गावरची गावे घ्यावीत. मांजरसुंबा येथे मांजर संपूर्ण आहे, मात्रेचाही घोटाळा नाही. पण ते शब्दाच्या अगदी तोंडाशी, उंबऱ्यावर बसल्यासारखे आहे, म्हणून प्रत दुसरी. जवळच्या कपिलधारमध्ये कपी, म्हणजे वानर, दडला आहे खरा, पण मराठी शुद्धलेखनात एकटा 'कपी' दीर्घ लिहावा लागतो, तेव्हा संस्कृत रूप चालते की नाही यावर वाद होतो आणि तो नेकनूर मागे पडले तरी मिटत नाही. पुढे येते केज. इंग्रजी जाणणाऱ्याला ज्या नावात पिंजरा ऐकू येतो, त्यात एकही प्राणी नाही. शेवटी अंबाजोगाईत 'गाई' मिळतात, तेव्हा 'गायी' हेही रूप लिहिले जाते म्हणून कुणीतरी शंका काढतो आणि प्रवास संपतो. बिंदुसरा नदीत 'दुसरा' आहे हे गुरुजींना दिसते, पण वर्ग प्राण्यांचा असल्यामुळे ते संयमाने डोळे मिटतात. सिंदफणा नदीच्या नावात नागाचा 'फणा' आहे, मात्र तो प्राण्यांच्या वहीत जावा की अवयवांच्या, याचा निर्णय लागलेला नाही.

अशा खेळाला कुळ दाखवावे म्हणून गुरुजी संस्कृत साहित्यशास्त्रातल्या अंतर्लापिकेचा, म्हणजे ज्याचे उत्तर त्याच पद्यात दडलेले असते अशा कोड्याचा, आणि सभंग श्लेषाचा, म्हणजे शब्द फोडून दुसरा अर्थ काढण्याच्या अलंकाराचा, दाखला देतात. हा दाखला लंगडा आहे. सभंग श्लेषात दोन्ही अर्थ वाक्याला लागू पडावे लागतात, तर गुरुजींच्या 'उदाहरणा'तल्या हरणाला वाक्यात काहीही काम नसते. तरीही मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या समाध्या ज्या अंबाजोगाईत आहेत, त्या गावाचा शेजार लाभल्यामुळे शब्दांवर आपला काही हक्क पोहोचतो, असे त्यांना मनापासून वाटते.

या शोधकांत एक फुटीर पंथही आहे. लिपी पाहणारे एकीकडे आणि उच्चार ऐकणारे दुसरीकडे अशी ही फूट असून, उच्चारपंथीयांच्या मते शब्द आधी बोलला जातो आणि मग लिहिला जातो, म्हणून अक्षर फोडायला हरकत नाही. त्यांच्या हिशेबाने मांजरेला तिचे मांजर परत मिळते, धारूरमध्ये ऊर, म्हणजे छाती, धडधडू लागते, आणि मोरोपंतांतही मोर नाचतो. त्यांचा सर्वांत मोठा विजय मात्र शिरूर कासार या तालुक्याच्या नावात आहे: 'शिरूर' हा शब्द कानाने ऐकला तर 'शिर' आणि 'ऊर' असा काही शिल्लक न ठेवता विभागतो, आणि 'कासार'मध्ये 'कास', म्हणजे जनावराची दूध साठवणारी ओटी, निघते, एका नावात तीन अवयव, आणि त्यांतला एक चतुष्पादाचा. लिपीपंथीयांना हा निकाल मान्य नाही. त्यांच्या वहीत शिरूर कासारपुढे अवयवांचा रकाना कोरा असून, अक्षरांच्या नियमात बसणारे 'सार' तेवढे त्यांनी त्या नावातून काढले आहे आणि ते खाद्यपदार्थांच्या पानावर नोंदवले आहे.