हिस्टोग्राम-दर्शन : झेंडू प्रकरण

प्रथम जागेविषयी. खंडेनवमीच्या सकाळी मार्केट यार्डाच्या फुलबाजारात उभे राहायला जागा नसते. छायाचित्रकाराने ती शोधावी, मात्र हमालांच्या वाटेत शोधू नये. डोक्यावर डाग घेतलेला माणूस "ओ साहेब, सरका" एकदाच म्हणतो. आडत्या "कुठल्या पेपरात येणार?" असे विचारेल, त्यावर अदबीने हसावे.

आता समोर केशरी झेंडूचा ढीग, डोक्यावर अकराचे ऊन. फोटो काढून पडद्यावर पाहिले की तिथे फोटो दिसत नाही. आपलाच घामेजलेला चेहरा दिसतो आणि त्यामागे काहीतरी काळपट. नवशिका इथे हमखास ठरवतो, की फोटो अंधारा आलाय, आणि उजेड वाढवतो. घरी गेल्यावर त्याला झेंडूऐवजी पिवळ्या रंगाचे डबके मिळते. पडद्याचा ब्राइटनेस वाढवूनही पडद्यावरचे चित्र साक्षीला उभे करण्यालायक होत नाही. साक्ष हिस्टोग्रामची घ्यावी, कारण त्याला फक्त आकृती दाखवायची असते आणि ती टोपीच्या सावलीतही वाचता येते.

आकृतीचा अर्थ सोपा आहे. डावीकडे काळे, उजवीकडे पांढरे, आणि उंची म्हणजे त्या उजेडाचे ठिपके किती. डोंगर उंच आहे म्हणून घाबरू नये, की मधोमध आहे म्हणून खूश होऊ नये. पाहायचे एवढेच, की तो उजव्या भिंतीवर जाऊन आपटला आहे का. आपटला असेल तर तेवढ्या भागातला तपशील गेला.

आणि इथेच झेंडू दगा देतो. बहुतेक कॅमेरे आधी जी एकच पांढरी आकृती दाखवतात, ती एकूण उजेडाची असते. त्या हिशेबात हिरव्याचे वजन सर्वांत जास्त, सुमारे 60 टक्के. लाल जवळजवळ 30 टक्क्यांवर, निळा उरल्यासुरल्यावर. केशरी झेंडूत लाल भरून वाहत असला, तरी हिरवा मध्यम आणि निळा नगण्य. त्यामुळे एकूण आकृती मधोमध शहाण्यासारखी बसते, आणि पोटात लाल रंग केव्हाच भिंतीवर चढलेला असतो. म्हणून `INFO` किंवा `DISP` बटण दाबत राहावे, `RGB` लिहिलेल्या तीन वेगळ्या आकृत्या येईपर्यंत. ज्या कॅमेऱ्यात त्या लपवून ठेवल्या आहेत, त्याची पुस्तिका घरी राहिलेली असते.

उदाहरण घेऊ. आयएसओ 100, छिद्र f/8, फ्रेमभर ढीग. मीटर म्हणते 1/250. फोटो काढला. पांढरी आकृती निर्दोष, हिरवी मधोमध, निळी डाव्या कोपऱ्यात अंग चोरून. निळीकडे पाहून कळवळू नये. झेंडूला निळे फारसे परवडतच नाही. लाल मात्र उजव्या भिंतीला सुळका करून चिकटली आहे. याचा परिणाम पाकळ्यांवर दिसतो: कडा एकमेकींत मिसळतात, चुण्या नाहीशा होतात, आणि लाल थांबून हिरवा वाढत राहिल्याने केशरी फूल पिवळ्याकडे सरकते. केशरी म्हणून घेतलेला माल फोटोत पिवळा निघणे हे आडत्याच्या दृष्टीने अब्रूनुकसानीचेच प्रकरण. 1/400 करून पुन्हा पाहावे; सुळका बारीक झालेला दिसेल. 1/500 ला लाल भिंतीपासून सुटली, म्हणजे मीटरपेक्षा एक स्टॉप कमी. पडद्यावर आता चित्र आणखीच अंधारे दिसेल. दिसू द्यावे.

हिस्टोग्रामचेही दोष सांगणे कर्तव्य आहे. तो किती ठिपके आपटले एवढे सांगतो, कुठले ते सांगत नाही. कोपऱ्यातल्या हमालाची पांढरी टोपी जळाली तर उजवीकडे केसाएवढी रेघ उठते, तीही उन्हात दिसत नाही. शिवाय तो कॅमेऱ्याने तयार केलेल्या जेपेगवरून काढलेला असतो. रंग भडक करणारी शैली निवडली असेल तर लाल उगाचच भिंतीला लागते. साधी, फिकी शैली ठेवावी. रॉमध्ये फोटो काढणाऱ्यांच्या फाइलीत लाल थोडा शिल्लकही असतो, त्यामुळे त्यांनी आकृतीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. जेपेगवाल्यांनी ठेवावा, त्यांना परतीची वाट नाही.

आकडे जमले की मॅन्युअलवर पक्के करावेत. ढीग निम्मा विकला जाऊन खालची पांढरी ताडपत्री उघडी पडली, तर मीटर मत बदलेल. तिकडे लक्ष देऊ नये, ऊन तेच आहे. ढग आला तर मात्र पुन्हा पहिल्यापासून, आणि तोवर वाटेतून बाजूला व्हावे.