मथळेकाका

पुण्यात दुचाकी नसलेला माणूस सापडणं कठीण आणि असलेली दुचाकी विकायचा विचार ज्याच्या मनात कधी आला नाही, असा सापडणं त्याहून कठीण. त्यामुळे बहुतेक सोसायट्यांमध्ये एक मथळेकाका असतात. बँकेतून नाहीतर सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, खिशाला दोन पेनं लावणारे आणि त्यातलं लाल अजून वापरणारे. ते गाड्यांचा धंदा करत नाहीत, दलाली घेत नाहीत. दुसऱ्याच्या जुन्या गाडीच्या जाहिरातीची पहिली ओळ दुरुस्त करणं एवढाच त्यांचा शौक.

"खाली काय वाट्टेल ते लिही," काका म्हणतात, "माणूस मथळा वाचूनच ठरवतो, फोन करायचा की नाही. कुठली, कधीची, कशी आणि केवढ्याला, या चार गोष्टी सांगायच्या. पाचवी आली की वास येतो."

परवा समोरच्या बिल्डिंगमधला इंजिनिअर मुलगा आला. नवी गाडी घेतली होती, जुनी ॲक्टिव्हा काढायची होती. मथळा त्याने आधीच तयार केला होता: 'अर्जंट सेल!!! शोरूम कंडिशन ॲक्टिव्हा २०१९, लेडीज यूज्ड, मख्खन, फक्त २५ हजार.' काकांनी तो मोठ्याने वाचला, आरोपीला आरोपपत्र वाचून दाखवावं तसा. मग लाल पेन काढलं.

पहिल्यांदा उद्गारचिन्हं गेली. तिन्ही. "ओरडतोस कशाला? गाडी विकतोयस ना, पळवून तर नाही आणलेलीस?" मग 'अर्जंट' गेलं. घाई कोणाला असते, हा काकांचा आवडता प्रश्न. आजारपण असतं, कर्ज असतं किंवा चोरीचा माल असतो. पहिल्या दोन प्रकारांत घेणारा भाव पाडतो आणि तिसऱ्यात तो येतच नाही. "आणि बदली झाली असली तरी तेही लिहायचं नाही," काकांनी न विचारताच सांगितलं. "मी जवान आहे, अचानक बदली झाली, गाडी स्वस्तात देतो, असं सांगून ओळखपत्राचा फोटो पाठवायचा आणि गाडी घरपोच येईल म्हणून आधी पैसे मागायचे, या फसवणुकीने लोक इतके पोळलेत की आता खऱ्या जवानालासुद्धा स्वतःची गाडी विकायला गावातल्या मावसभावाचं नाव पुढे करावं लागतं."

'शोरूम कंडिशन'वर काका जरा थांबले. "वरती २०१९ लिहिलंयस, म्हणजे सहा वर्षं पुण्याच्या खड्ड्यांतून फिरलेली गाडी. तिला शोरूम कंडिशन म्हणणं हा शोरूमचा अपमान आहे." 'मख्खन' तर नुसतंच खोडलं. 'लेडीज यूज्ड'वर मात्र काकूंनी आतून विचारलं, "म्हणजे काय? आम्ही हळू चालवतो असं म्हणायचंय का?" तो शब्द काकांनी दोनदा खोडला.

आता कागदावर फक्त 'ॲक्टिव्हा २०१९' आणि '२५ हजार' उरलं होतं. मुलाला वाटलं, झालं. पण काका इथूनच सुरू होतात. "आरसी आण."

आरसीवर नोंदणी जानेवारी २०१९ ची होती आणि गाडी बनल्याचा महिना डिसेंबर २०१८. मुलगा म्हणाला, "काका, नोंदणी तर एकोणीसचीच आहे ना!"

"आहे. पण येणारा माणूस आरसी मागणार, बनवल्याची तारीख बघणार. एका महिन्यासाठी तू खोटा ठरणार. एकदा तारखेत फसवलंस असं वाटलं की तो इंजिनचा आवाजसुद्धा संशयाने ऐकतो." मथळ्यात 'डिसेंबर २०१८' आलं. नुसतं 'ॲक्टिव्हा' होतं त्याचं '५जी' झालं, कारण २०२० च्या जानेवारीत पुढचं ६जी मॉडेल आलं आणि नुसती ॲक्टिव्हा म्हटलं की तेच डोळ्यासमोर ठेवून लोक येतात. घरापर्यंत आलेला माणूस निराश होऊन गेला तर तो जिना उतरता उतरता सोसायटीची बदनामी करतो, असं काकांचं मत आहे.

मग खाली पार्किंगमध्ये. मीटरवर ३१,४०० किलोमीटर. मुलगा हळूच म्हणाला, आमच्या ऑफिसात एकाने 'फक्त ९,००० किमी' लिहून गाडी विकली. काकांनी त्याला टायरपाशी उकिडवं बसवलं. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मागच्या टायरवर होतं १४२३, म्हणजे २०२३ सालचा चौदावा आठवडा. "९,००० किलोमीटर फिरलेल्या गाडीला नवा टायर कशाला लागला, असं त्याने विचारलं तर काय सांगशील? शिवाय हँडलच्या मुठीवरचं रबर बघ, पायाखालची मॅट बघ. मीटर मागे फिरवता येतो, मॅट कुठून फिरवणार?" मथळ्यात '३१,४०० किमी' आलं.

एवढ्यात काकांना डाव्या पॅनलवरचा चरा दिसला आणि चेहरा उजळला. मुलगा म्हणाला, "तो पॉलिश करून घेतो." "अजिबात नको! हा तर मथळ्यात घालायचाय!" काकांचा हा खास सिद्धांत. सगळं उत्तम आहे म्हणणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, पण एक छोटा दोष आपण होऊन सांगणाऱ्यावर ठेवतात. दोष मात्र डोळ्यांना दिसणारा आणि खिशाला न दुखणारा हवा. 'इंजिन जरा आवाज करतं' हे मथळ्यात गेलं तर फोन फक्त भंगारवाल्याचा येतो. इंजिनाला काही झालेलं असेल तर ते आधी दुरुस्त करायचं आणि बिल दाखवायचं.

राहिली किंमत. २५ हजार का, तर लवकर जावी म्हणून. काकांनी त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या, आसपासच्या भागातल्या पाचसहा जाहिराती त्याला मोबाइलवर शोधायला लावल्या. बहुतेक सगळ्या पंचेचाळीस-पन्नासच्या घरात. "सगळे इतके मागत असताना तू निम्म्याला देतोस, म्हणजे गाडीत खोट आहे, कागदात आहे किंवा तुझ्यात." ४७,००० ठरले. मुलाला त्यापुढे 'निगोशिएबल' लिहायचं होतं. "घासाघीस होणार हे त्याला माहीत आहे, तुला माहीत आहे. मग आपणच आपले दोन हजार आधी का सोडायचे?"

शेवटी मथळा झाला तो असा: 'होंडा ॲक्टिव्हा ५जी, डिसेंबर २०१८, पहिला मालक, ३१,४०० किमी, डाव्या पॅनलला चरा, ४७,०००.' मॉडेल सगळ्यात पुढे, कारण मोबाइलवर लांब ओळ मध्येच तुटते आणि तुटायचीच असेल तर चऱ्यापाशी तुटलेली बरी. चालू विमा, पीयूसी, भरून टाकलेली चलनं, बँकेचा बोजा उतरवल्याची नोंद हे सगळं खालच्या मजकुरात गेलं.

रविवारी एक गृहस्थ आले. हेल्मेट काढायच्या आधी त्यांनी चरा शोधला, बोट फिरवलं आणि म्हणाले, "एवढाच? मला वाटलं मोठा असेल." पंचेचाळीसला सौदा झाला. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या काकांनी स्वतःसमोर करून घेतल्या. नाव बदलून होईपर्यंत सिग्नल तो तोडणार आणि चलन तुला येणार, हे मुलाला पुन्हा पुन्हा बजावलं.

दुसऱ्यांच्या इतक्या गाड्या मार्गी लावणाऱ्या काकांची स्वतःची १९९६ ची चेतक मात्र अजून पार्किंगमध्ये आहे. तिच्या मथळ्यात मॉडेल, वर्ष, अवस्था, किंमत सगळं चोख असतं. पण आता त्या नावाची विजेवर चालणारी गाडी रस्त्यावर आहे आणि वर्ष वाचायच्या आत लोक फोन लावतात.

"काका, एका चार्जिंगमध्ये किती जाते?"

"आधी डावीकडे तिरकी करावी लागते," काका सांगतात, "मग किक. मग पुन्हा तिरकी."