तिसरी खाच

मृग लागला की नेर तालुक्यात ट्रॅक्टरवाल्याला जो भाव येतो, तो लग्नसराईत वाजंत्रीवाल्यालाही येत नाही. चार जणांचे फोन धुऱ्यावर उभ्या उभ्या घेत तो येतो, सोयाबीनची थैली पेटीत ओततो, दांडी तिसऱ्या खाचेत टाकतो आणि निघतो. मालकाने भीत भीत विचारलंच, "एकरी किती पडते भाऊ?" तर उत्तर तयार असतं, "टेन्शन नोका घेऊ जी. तिसऱ्या खाचेवर बरोबर पडते. मागच्या सालीबी तिसरीच होती."

मागच्या साली बियाणं दुसरं होतं. त्याचा दाणा बारीक होता, यंत्रही वर्षभराने नवं होतं. पण खाच तिसरीच.

हाच मालक कापूस विकायला गेला की काट्याशी डोळे लावून बसतो. अर्धा किलो इकडे-तिकडे झाला तर व्यापाऱ्याच्या सात पिढ्या निघतात. पेरताना मात्र दर एकराला दहा-दहा किलो बियाणं जास्त गेलं तरी चौकशी नाही. विकताना काटा आणि पेरताना देव, अशी आपली वाटणी आहे.

बरं, पेटीवर कंपनीने चिकटवलेला तक्ता असतो. कोणत्या खाचेला कोणतं धान्य किती, ते त्यावर लिहिलेलं असतं. तो खोटा नाही, फक्त तुमच्या बियाण्याचा नाही. कोरड्या फरशीवर, कुणा दुसऱ्याच दाण्यावर काढलेला तो अंदाज आहे. तुमचं बियाणं बुरशीनाशक आणि जिवाणू संवर्धक लावून थोडं चिकट झालेलं असतं, ते पेटीतून तसं सरसर उतरत नाही. म्हणून मोजणी करायची ती प्रक्रिया करून सावलीत सुकवलेल्या बियाण्यावरच.

आता मोजू या. सोयाबीनला शिफारस हेक्टरी 75 किलोची, म्हणजे एकरी 30. यंत्र सहा दात्यांचं, दोन दात्यांत 45 सेंटीमीटर. एका फेरीत 2.70 मीटर रुंदीची पट्टी पेरली जाते. हेक्टरचा पन्नासावा भाग म्हणजे 200 चौरस मीटर. तेवढी जागा पेरायला यंत्राला 74 मीटर चालावं लागेल. तेवढ्यात पेटीतून 1,500 ग्रॅम बियाणं पडलं पाहिजे, दर नळीतून 250 ग्रॅम.

पेटीतला रोलर ट्रॅक्टरच्या इंजिनावर फिरत नाही, जमिनीला टेकलेल्या छोट्या चाकावर फिरतो. 74 मीटरमध्ये ते चाक किती फेरे घेतं, यावर सगळा हिशेब उभा आहे. चाकाचा व्यास 40 सेंटीमीटर असेल तर घेर भरतो साधारण सव्वा मीटर, आणि फेरे येतात 59. कागदावर.

वावरात ते चाक हलकं असतं, भुसभुशीत जमिनीत फिरता फिरता मधेच घसरतं. म्हणून चाकाला खडूची खूण करा, दाते जमिनीत उतरवा, नेहमीच्या वेगाने ट्रॅक्टर चालवा आणि दहा फेऱ्यांचं अंतर टेपने मोजा. कागदी हिशेबाने ते साडेबारा मीटर यायला हवं, प्रत्यक्षात 13.4 आलं असं धरा. मग 74 मीटरला फेरे 59 नाहीत, 55 आहेत. अंगणातल्या 59 फेऱ्यांवर खाच बसवून शेतात गेलात, तर तिथे सात टक्के बियाणं कमी पडेल. त्यात आपली काळी माती! वाफसा पुरता आलेला नसताना पेरलं की ती चाकाला चिकटते, चाक जाड होतं, फेरे आणखी घटतात. दोन सेंटीमीटर चिखलाचा थर बसला की बियाणं एक दशांशाने कमी झालंच म्हणून समजा. ड्रायव्हरला तुराटीने चाक खरवडायला लावा, तोंड वाकडं करेल, करू द्या.

तर 55 फेरे ठरले. यंत्र जॅकवर उचलून चाक मोकळं करायचं, पेटी निदान अर्धी भरायची, प्रत्येक नळीला एक पिशवी बांधायची. आधी चार-पाच फेरे फिरवून ते बियाणं परत पेटीत टाकायचं, म्हणजे रिकाम्या नळ्यांचा घोळ मिटतो. मग सावकाश, एका लयीत 55 फेरे. पिशव्या किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवा, तो पुरतो.

समजा सहा पिशव्यांत मिळून 1,950 ग्रॅम निघालं. पन्नासने गुणा: हेक्टरी साडेसत्त्याण्णव किलो, एकरी 39. ही ती बरोबर पडणारी तिसरी खाच! पाच एकराच्या वावरात 45 किलो बियाणं फुकट, आणि फुकट गेलं एवढंच नाही. दाट झालेलं सोयाबीन उंच सुटतं, फांद्या धरत नाही, वाऱ्याने लोळतं आणि फवारा खालच्या पानांपर्यंत पोचत नाही. ऑगस्टमध्ये शेत हिरवंगार पाहून जो फोटो काढतो, तोच ऑक्टोबरमध्ये शेंगा मोजताना गप्प असतो.

दुरुस्ती अवघड नाही. रोलरवर चर असतात आणि दांडी सरकवली की चरांची उघडी लांबी कमी-जास्त होते; बियाणं जवळपास त्याच प्रमाणात पडतं. 1,950 चं 1,500 करायचं तर 13 मिलिमीटर उघडं असेल ते 10 वर आणा. जवळपास म्हटलंय, म्हणून पुन्हा 55 फेरे आणि पुन्हा काटा.

बेरीज जुळली की लगेच टाळ्या नकोत. एका पिशवीत 310 आणि दुसरीत 190 असेल तरी सरासरी 250 च येते. शेतात मात्र एक तास गच्च आणि शेजारचा विरळ दिसेल. झिजलेला रोलर, अडकलेलं फोलपट, नाहीतर मुरगळलेली नळी, यातलंच काहीतरी सापडेल.

पिशवीतले शंभर दाणे हातावर घेऊन पाहाच. सोयाबीनचं टरफल पातळ आणि अंकुर अगदी त्याच्या आड. रोलर आणि खालची पट्टी यांतली फट दाण्यापेक्षा कमी असली की दाणा दुभंगतो, साल उलते. असे दाणे थैलीपेक्षा पिशवीत जास्त दिसले तर फट वाढवा. बोगस बियाणं असतंच, कंपन्यांची बाजू घ्यायचं मला कारण नाही. पण उगवलं नाही म्हणून पंचनाम्याला माणसं बोलावण्याआधी हे शंभर दाणे मोजलेले असले तर बरं.

शेवटची तपासणी वावरातच. तासाची एक मीटर माती हलक्या हाताने उकरा. शंभर दाण्यांचं वजन 12 ग्रॅम असलेलं बियाणं हेक्टरी 75 किलोने पेरलं, तर मीटरला 28 दाणे दिसायला हवेत. शिफारशीतलं अंतर पाच सेंटीमीटर, म्हणजे रोपं हवीत 20. वरचे आठ दाणे कशाला? कारण 75 किलोत 70 टक्के उगवण धरलेली आहे. तुमच्या घरच्या बियाण्याची उगवण गोणपाटावर 85 टक्के निघाली, तर हेक्टरी 62 किलो, एकरी 25 पुरे. 60 च निघाली तर एकरी 35 लागतील. दाणा टपोरा असेल तर किलो वाढवावे लागतील, बारीक असेल तर घटवावे लागतील.

या सगळ्याला जातो तासभर, आणि ट्रॅक्टरवाल्याला पैसे मिळतात एकरावर. तेव्हा पाऊस पडल्यावर त्याला थांबवायला जाऊ नका, तो थांबणार नाही. पावसाआधी, यंत्र शेडमध्ये रिकामं पडलेलं असताना बियाणं घेऊन जा. चाकाची घसर तेवढी पेरणीच्या दिवशी पहिल्या तासात मोजा आणि दांडी हलवा. तासभराची वेगळी मजुरी कबूल केली, तर 45 किलो बियाण्याच्या मानाने ती चिल्लर ठरते.