पंचेचाळीस हजारांचा सज्जन

माणसं लोभापायी फसतात, असं आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि 'बरी अद्दल घडली' म्हणून पान उलटतो. माझ्या बाबतीत वाचकांना तेवढाही आनंद मिळणार नाही. मी थोडा लोभी असतो तर वाचलो असतो. चोराने मला पन्नास हजार रुपये 'दिले' होते. ते गिळंकृत करायचं ठरवून मी फोन बंद केला असता, तर माझा एक पैसाही गेला नसता. माझे वीस हजार गेले ते दुसऱ्याचं दुसऱ्याला परत करण्याच्या घाईत.

विकायचा होता झोपाळा. सागवानी पाट, पितळी कड्या. नव्या फ्लॅटच्या स्लॅबला भोक पाडायला सोसायटी तयार नव्हती, त्यामुळे तो हॉलमध्ये जमिनीवर आडवा पडून होता आणि येणारा-जाणारा त्याला ठेचकाळत होता. जुन्या वस्तू विकण्याच्या एका अ‍ॅपवर मी त्याचा फोटो टाकला. किंमत लिहिली पंधरा हजार, मनात धरली दहा.

थोड्याच वेळात फोन आला. पलीकडे लष्करातले अधिकारी होते, निदान त्यांचं म्हणणं तसं होतं. पुण्याला बदली झालीय, क्वार्टर मिळालंय, मॅडमना झोपाळ्याची फार हौस. मी न मागताच त्यांनी ओळखपत्राचा आणि कँटीन कार्डाचा फोटो पाठवला. खरा अधिकारी झोपाळा घेण्यासाठी स्वतःचं ओळखपत्र कशाला दाखवेल, हा प्रश्न मला पडला नाही. मला भरून आलं. आणि किमतीवर तर ते एक शब्द बोलले नाहीत. पुण्यात माणूस कोथिंबिरीच्या जुडीवरही घासाघीस करतो. इथे समोरून पंधरा हजार बिनतक्रार मान्य होतात, तेव्हाच खरं तर अंगावर काटा यायला हवा होता. त्याऐवजी मला लाज वाटली. त्यांनी सीमेवर उभं राहायचं आणि मी झोपाळ्याचा भाव ताणायचा? मी आपणहून हजार रुपये कमी केले. 'नहीं सर, जो बोला वही देंगे,' असं म्हणून त्यांनी ते नाकारले. इतका निःस्पृह गिऱ्हाईक मी आयुष्यात पाहिला नव्हता.

आगाऊ पाच हजार पाठवायचं ठरलं. 'ऑफिस के अकाउंट से आएगा' म्हणून त्यांनी खात्याचा क्रमांक मागितला, मी दिला. आधी 'चेक करने के लिए' दहा रुपये यूपीआयने आले. खरेच आले. दहा रुपयांत माझा विश्वास विकत घेतला गेला, आणि तो त्या दिवसातला सर्वांत स्वस्त सौदा होता. मग मेसेज आला: तुमच्या अमुक खात्यात ५०,००० रुपये जमा. शेवटचे चार आकडे माझेच होते. ते मीच दिले होते, हे त्या क्षणी ध्यानात आलं नाही.

लगेच फोन. आवाजात घाम फुटलेला. 'सर, एक ज़ीरो ज़्यादा लग गया! यूनिट का पैसा है, शाम को हिसाब देना है. मेरी नौकरी का सवाल है.' पंचेचाळीस हजार परत हवे होते, आणि तेही त्यांच्या नंबरवर नव्हे तर ड्रायव्हरच्या नंबरवर, कारण साहेबांच्या यूपीआयची आजची मर्यादा संपली होती. पैसे पाठवण्याची मर्यादा संपली म्हणून पैसे घेता कसे येणार नाहीत, एवढं विचारण्याइतकं डोकं त्या वेळी माझ्याकडे नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढे त्यांची नोकरी होती.

मी अ‍ॅपमध्ये पंचेचाळीस हजार टाकले, पिन दाबला. अ‍ॅप म्हणालं, खात्यात पुरेशी रक्कम नाही.

आता इथे थांबायला हवं होतं. माझ्या खात्यात ते दहा रुपये धरून ३१,२४० रुपये होते. पन्नास हजार खरेच आले असते तर ८१,२४० झाले असते आणि त्यातून पंचेचाळीस सहज गेले असते. अ‍ॅपने मला स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं की पन्नास हजार आलेलेच नाहीत. पण मी अ‍ॅपवर विश्वास ठेवला नाही. मी चोराची माफी मागितली. 'सॉरी हं साहेब, हमारे बैंक का ऐसाइच रहता है, सर्वर डाउन होगा.' त्यांनी मोठ्या मनाने मला माफ केलं आणि 'अभी बीस भेज दीजिए, बाकी बाद में' अशी सवलत दिली. स्वतःच्या लुटीचे हप्ते बांधून घेणारा महाराष्ट्रात मी पहिलाच असेन.

वीस हजार गेले. बँकेचा मेसेज आला: २०,००० वजा, शिल्लक ११,२४०. माझ्या हिशेबाने ६१,२४० हवे होते. तिसरीच्या वजाबाकीला मला दोन मेसेज आणि वीस हजार रुपये लागले.

मग मी ते दोन्ही मेसेज शेजारी-शेजारी ठेवून वाचले. बँकेचा मेसेज अक्षरांच्या नावाने आला होता, पन्नास हजारांचा एका साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून. बँकेच्या मेसेजमध्ये शिल्लक होती, दुसऱ्यात नव्हती. ती असणार कुठून? माझ्या खात्यात किती आहेत हे चोराला ठाऊक नव्हतं, आणि शिल्लक काल्पनिक लिहिली असती तर माझ्यासारख्यालाही चूक दिसली असती. तो बँकेचा मेसेज नव्हताच. त्याने आपल्या हाताने टाइप करून मला पाठवलेलं ते पत्र होतं. मी मेसेज वाचला, खातं उघडलं नाही.

बायकोने १९३० हा नंबर लावला. तिथे आणि cybercrime.gov.in वर विचारतात ती मुख्य गोष्ट म्हणजे व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक. त्या क्रमांकाच्या मागावर बँका पैसे जिथे पोहोचले असतील तिथे रोखून धरतात. म्हणून हे काम तासाभरात करायचं असतं. रात्री जेवताना हळहळ व्यक्त करून सकाळी केलं तर ड्रायव्हर पुढच्या गावी पोहोचलेला असतो. माझ्या वीसपैकी बारा हजार एटीएममधून निघाले होते, आठ हजार दुसऱ्या एका खात्यात अडकले. ते आता सुटकेची वाट पाहत आहेत. पोलीस ठाण्यातही मला कमीपणाच आला. 'चारशेवीस' लागेल ना, असं मी विचारलं. हवालदार म्हणाले, ते गेलं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, पोटकलम चार. म्हणजे माझी फसवणूक झाली, तीही साधी चारशेवीस नाही.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त बँक अधिकारी राहतात. त्यांना माझ्या गोष्टीत नावीन्य वाटलं नाही. 'अहो, हे आमच्या वेळी चेकवर चालायचं,' ते म्हणाले. गिऱ्हाईक किमतीपेक्षा मोठ्या रकमेचा चेक तुमच्या खात्यात परस्पर भरायचा आणि भरल्याची स्लिप तुम्हाला पाठवायचा. खात्यात रक्कम दिसायची, पण ती वटायच्या रांगेत उभी असायची; काढता येणारी शिल्लक वेगळी. भोळा माणूस मोठा आकडा बघून फरकाची रक्कम रोख देऊन टाकायचा. दोन दिवसांनी चेक परत, वर चेक परत आल्याचा दंड. ४ ऑक्टोबर २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने चेक काही तासांत वटवण्याची पद्धत आणली, त्यामुळे आपल्याकडे ती फट अरुंद झाली.

'अमेरिकेत मात्र ती अजून रुंद आहे,' असं म्हणून त्यांनी आपल्या मुलाची गोष्ट सांगितली. त्याने न्यू जर्सीत टेबल विकायला काढलं, दोनशे डॉलरना. चेक आला बाराशेचा. वरचे हजार सामान हलवणाऱ्याला द्या म्हणाले. तिथल्या बँकेला कायद्याने ठरावीक दिवसांत पैसे खात्यात मोकळे करावे लागतात, चेक खरा आहे की नाही हे कळायला मात्र आठवडे लागू शकतात. पैसे हाताशी आले, मुलाने हजार पाठवले. चेक बनावट निघाल्यावर बँकेने पूर्ण बाराशे त्याच्याच खात्यातून वळते केले. टेबल तेवढं वाचलं, कारण ते न्यायला कोणी आलंच नाही.

मग त्यांनी चष्मा पुसत सगळं एका वाक्यात बसवलं: 'त्याने दिलेलं मागे फिरू शकतं, तुम्ही दिलेलं फिरत नाही. ही दोन घड्याळं जुळेपर्यंत थांबा.' चेक मागे फिरतो, खोटा मेसेज तर आलेलाच नसतो. यूपीआयने आपण पाठवलेला पैसा मात्र गेला तो गेला. आणि समजा जास्तीची रक्कम खरेच खात्यात आली, तरी ती सांगितलेल्या नव्या नंबरवर द्यायची नाही. ती दुसऱ्याच कोणा फसलेल्याची असू शकते. त्याने तक्रार केली की गोठतं ते आपलं खातं, आणि 'मी तर परत केले' म्हणून दाखवायचं कोणाला? ड्रायव्हरला? ज्याने पाठवले त्याने स्वतःच्या बँकेत तक्रार करायची, आपली बँक आपली संमती विचारते, आपण हो म्हणायचं. पैसे आले त्याच वाटेने जातात.

हा धडा मी पाठ केला, आणि परीक्षाही लवकरच झाली. खात्यात २,००० रुपये आले. मागोमाग एका कॉलेजातल्या मुलाचा फोन. 'काका, मेसचे पैसे चुकून तुम्हाला गेले. प्लीज, या नंबरवर टाका ना, मेसवाल्यांचा आहे.' मी मेसेजकडे ढुंकूनही पाहिलं नाही. अ‍ॅप उघडलं, नोंद पाहिली, शिल्लक पाहिली, वजाबाकी दोनदा केली. पैसे खरेच आले होते. मी शांतपणे त्याला यूटीआर क्रमांक वाचून दाखवला आणि म्हणालो, 'बाळ, तुझ्या बँकेत तक्रार कर. मी संमती देतो. दुसऱ्या नंबरवर मी एक रुपयाही टाकणार नाही.'

'काका, त्याला दिवस लागतील. मी जेवू काय?'

'तुझं युनिट कुठलं?' मी विचारलं. सवयीने.

तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, 'काका, दुसऱ्याचे पैसे दाबून बसता आणि वर चेष्टा करता? तुमच्यासारख्यांसाठीच तो १९३० नंबर आहे.'

संध्याकाळी बँकेतून फोन आला. माझ्याविरुद्ध तक्रार नोंदली गेली होती. मी लगेच संमती दिली.