रीतसर गैरहजेरी

पुण्यात १९६३पासून होणाऱ्या पुरुषोत्तम करंडकात विद्यार्थी एकांकिका करतात. अभिनयाचा खरा पाया मात्र रजेच्या अर्जातच घातला जातो, हे महाविद्यालयांचे थोर उपकार.

विषयाचे सर म्हणतात, ‘आधी विभागप्रमुखांची सही आणा.’ विभागप्रमुख विचारतात, ‘सरांची कुठंय?’ सोबत सहभागाचे प्रमाणपत्र जोडायचे. ते स्पर्धेनंतर मिळते, एवढीच किरकोळ अडचण.

७५ टक्के हजेरीचा नियम पवित्रच. त्यामुळे सहीसाठी स्टाफरूमबाहेर ताटकळताना बुडणाऱ्या तासांसाठीही वेगळा अर्ज असावा, अर्थात त्याच सह्यांसह.

एका संघाने तरीही बक्षीस आणले. प्रवेशद्वारावर फ्लेक्स झळकला: मध्ये प्राचार्य, शेजारी विभागप्रमुख, खाली सर.

विद्यार्थ्यांचे फोटो नव्हते. हजेरीपटानुसार ते त्या दिवशी गैरहजर होते.