सा आला, पण कुणाला घेऊन?

चंदगडात आषाढ-श्रावणात अंगावर काटा आला, तर तो संगीताच्या खात्यावर लगेच जमा करू नये. तिलारीकडून येणारा पाऊस छत्रीला जुमानत नाही आणि भजनाला आलेली निम्मी मंडळी ओल्या सदऱ्यानिशीच बसलेली असतात. पण फरक ओळखता येतो. थंडीचा काटा शेकोटी मिळेपर्यंत मुक्काम ठोकतो. सुराचा काटा मानेपासून पाठीवरून सर्रकन उतरतो आणि चार-दोन सेकंदांत पसार होतो. शिवाय तो गाण्यातल्या ठरावीक जागीच येतो.

अशाच एका भजनात पेटीवर बेळगावात कीबोर्ड शिकलेला एक पोरगा बसला होता. पेटीवाल्यानं गाणाऱ्याच्या मागे मागे जावं, हा आमचा रिवाज. हा मात्र एका हातानं तीन-तीन पट्ट्या एकदम दाबत होता. बिलावलच्या सुरांतला अभंग. बुवा ओळीच्या शेवटाकडे आले, रे वरून नी वर उतरले आणि तिथंच रेंगाळले. पेटीवर प, नी, रे एकत्र वाजत होते. नी ला सा अगदी शेजारी, त्यामुळे सगळ्या मांडवाचं लक्ष सा कडे. बुवा सा वर आले. पोरानं मात्र त्याखाली अपेक्षित सा-ग-प न देता ध-सा-ग दिलं.

आता नीट पाहा. सा आणि ग दोन्हीकडे आहेत. बदललाय एकच सूर, प च्या जागी ध. बुवांचा सा जिथल्या तिथंच आहे, बेसूर काही झालेलं नाही, पण घर म्हणून ज्या दारातून शिरलो ते उघडलं भलत्याच खोलीत. टाळ धरलेल्या दोघा-तिघा पोरांनी दंडावरून हात फिरवला. कोपऱ्यातले एक आजोबा म्हणाले, ‘‘काय रे, पट्टी अडकली काय?’’ तीच ओळ दुसऱ्यांदा आली तेव्हा पोरानं सरळ सा-ग-प दिलं. मांडवानं सोडलेला श्वास पावसातही ऐकू आला.

लेनर्ड मायर या अमेरिकी अभ्यासकानं 1956 साली हेच सूत्र मांडलं होतं: ऐकणारा सतत पुढचा सूर ताडत असतो आणि ती अपेक्षा अडली किंवा लांबली की भावना जागी होते. जॉन स्लोबोडा यांनी 1991 मध्ये श्रोत्यांना नेमक्या जागा दाखवायला सांगितल्या, तेव्हा शहाऱ्याच्या जागी बऱ्याचदा असा अनपेक्षित स्वरमेळ निघाला. पण दचकण्यात सुख कसलं? डेव्हिड ह्युरन यांचं उत्तर मला पटतं. अंदाज चुकला की मेंदूचा घाईखोर भाग आधी धोक्याची घंटा वाजवतो. केस उभे राहतात, ही मांजराच्या शेपटीची जुनीच युक्ती. क्षणभरानं सावकाश विचार करणारा भाग सांगतो, अरे, वाघ नाही, पेटी आहे. घाबरण्याची तयारी झालेली आणि घाबरण्याचं कारण उरलेलं नाही, त्या फरकाचं सुख वाटतं.

मग पाठ असलेल्या गाण्यातही तोच काटा पुन्हा कसा येतो? कारण घाईखोर भागाला हे विशिष्ट गाणं ठाऊक नसतं, त्याला गाण्यांची सर्वसाधारण चाल ठाऊक असते. ‘नी नंतर सा, प-नी-रे नंतर सा-ग-प’ हा त्याचा आयुष्यभराचा हिशेब एका गाण्यानं बदलत नाही. आजोबांचंही त्यातच आलं. लहानपणापासून सिनेमाची गाणी कानावर पडलेल्या पोरांना सा-ग-प येणार हे नकळत माहीत होतं, म्हणून ती फसली. आजोबांनी तंबोरा आणि एकेरी पेटी ऐकलेली. त्यांची अपेक्षाच नव्हती, तर ती मोडणार कशी? त्यांना फक्त जादा पट्टी ऐकू आली. त्यांना काटा येतो तो बुवा नी वर नको इतके थांबतात तेव्हा, आणि तिथं पोरं शांत बसलेली असतात.

नुसतं चकवलं म्हणूनही भागत नाही. व्हिन्सेंट च्युंग आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये गाजलेल्या पाश्चात्त्य गाण्यांतून चाल आणि ठेका काढून नुसते स्वरमेळ लोकांना ऐकवले. पुढचं काय ते पक्कं वाटत असताना चकवा बसला, तर लोकांना आवडलं. पुढचं काहीच सुचत नसताना सरळ, ओळखीचं आलं, तरीही आवडलं. आधीच गोंधळ आणि त्यात धक्का, हे मात्र फारसं कुणाला रुचलं नाही.

आमच्या पोराला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. दाद मिळाली म्हणताना त्यानं पुढच्या अभंगात प्रत्येक ओळीच्या शेवटी ध-सा-ग चालू केलं. दोन ओळींत सगळ्यांना ते आधीच कळायला लागलं, दंडावरचे हात टाळांकडे परतले, आणि तिसऱ्या कडव्याला कुणीतरी चहाचं काय झालं म्हणून विचारलं. आजोबा मात्र खूश होते. ‘‘आता बरोबर,’’ म्हणाले, ‘‘पट्टी अडकलीच आहे.’’