पडदा चुकीच्या बाजूला

जोगेश्वरीत घर घेताना माणूस स्टेशन किती मिनिटांवर आहे ते विचारतो, पाणी किती वाजता येतं ते विचारतो. खिडकी कुठल्या दिशेला आहे हे मात्र एप्रिल लागेपर्यंत विचारत नाही. आमची पश्चिमेला आहे. दुपारी तीननंतर ऊन बेल न वाजवता आत येतं आणि सोफ्यावर ऐसपैस बसतं. नेमक्या त्याच सुमाराला खालच्या टपरीवरचा मुलगा चहाची किटली घेऊन जिना चढतो. वहन, अभिसरण आणि प्रारण या उष्णतेच्या तीन वाटा शाळेत दोन गुणांसाठी पाठ केल्या होत्या. त्यांची खरी ओळख झाली ती या दोन पाहुण्यांमुळे.

स्टोव्हवरच्या किटलीचा तळ तापतो तो वहनाने. गर्दीच्या लोकलमध्ये दारातल्याची बॅग हातोहात रॅकपर्यंत पोचते आणि माणसं मात्र जागची हलत नाहीत, तसं हे काम. ॲल्युमिनियम यात तरबेज. स्टीलपेक्षा दहापटींहून अधिक. कडीला गुंडाळलेली सुतळी तितकीच आळशी, म्हणून तर मुलाचा हात शाबूत राहतो.

पाणीही वहनात मठ्ठच. वरून तापवलं तर तळाचं पाणी बराच वेळ गारच राहील. खालून तापवलं की तळाचं पाणी प्रसरण पावून हलकं होतं, वर येतं आणि वरचं गार पाणी त्याच्या जागी उतरतं. इथे उष्णता घेऊन पदार्थच प्रवास करतो. हे अभिसरण. स्टोव्हवरून उतरवलेल्या किटलीभोवतीची हवाही तेच करते. झाकणावर हात धरून पाहा, मग तेवढ्याच अंतरावर बाजूला धरा. वर चटका जास्त लागतो, कारण तापलेली हवा वरच निघालेली असते.

तिसऱ्या वाटेला ना धातू लागतो, ना हवा. सूर्य पंधरा कोटी किलोमीटरवर, मधे जवळपास पोकळी, तरी त्याची उष्णता आठ-साडेआठ मिनिटांत आमच्या सोफ्यावर हजर. हे प्रारण. पण ही कला एकट्या सूर्याची नाही. किटलीसुद्धा सतत अदृश्य अवरक्त किरण सोडत असते. किती सोडते ते तिच्या पृष्ठभागावर ठरतं. दोन लिटरची, झाकण घट्ट बसलेली, ८० अंशांची किटली ३० अंशांच्या खोलीत ठेवली, तर ढोबळ हिशेबाने अभिसरणातून साधारण २५ वॅट जातात. ती काजळीने काळी असेल तर प्रारणातून आणखी तीसेक वॅट. घासून लख्ख केली असेल तर जेमतेम तीन-चार. म्हणजे काळी किटली सुमारे अडीच मिनिटांत एक अंश गमावते, चकचकीत किटली पाच मिनिटांत. टपरीचा मालक किटली घासली नाही म्हणून मुलावर ओरडतो, तेव्हा तो नकळत भौतिकशास्त्रच बोलत असतो.

आता खिडकी. घरातल्यांच्या मते दोष काचेचा: ती तापते म्हणून घर तापतं. हात लावून पाहा. काच कोमटच असते, तिच्यातून येऊन उन्हात न्हालेली फरशी मात्र पायाला पोळते. साधी काच सूर्यकिरणांना बहुतांशी आत सोडते. ते फरशीत, सोफ्यात मुरतात. मग तापलेली फरशी जे अवरक्त किरण सोडते, त्यांची तरंगलांबी खूप मोठी असते आणि त्यांना काच आरपार जाऊ देत नाही. येताना मोकळं दार, जाताना बंद. दीड चौरस मीटरच्या खिडकीतून कडक उन्हात पाच-सहाशे वॅट सहज आत येतात. पंखा फुल केला तर तापलेली हवाच घरभर फिरते.

यावर आम्ही जाड, गडद निळा पडदा लावला. अंधार झाला, उकाडा तसाच. कारण ऊन काच ओलांडून आधीच आत आलेलं. पडद्याने ते शोषलं, स्वतः तापला आणि काचेशी लागून असलेल्या हवेला अभिसरणाने वर पाठवू लागला. पांढरा पडदा थोडं ऊन काचेतून परत तरी पाठवतो. खरा उपाय काचेच्या बाहेर: बांबूची चिक किंवा छज्जा. तिथे अडवलेली उष्णता बाहेरच्या वाऱ्यावर जाते. पण सूर्य कलला की साडेचारच्या पुढे छज्जा कुचकामी, कारण किरण त्याच्या खालून शिरतात. तेव्हा चिकच लागते.

हे सगळं मी सोसायटीच्या सभेत मांडलं. चिक बाहेर लावल्याने इमारतीचं रूप बिघडतं, असं ठरलं. मी म्हटलं, मग सूर्यालाच नोटीस पाठवा. सेक्रेटरींनी विचारलं, "त्याचा मेन्टेनन्स थकलाय का?"